सहा महिन्यांचा अनुभव: स्पेक्ट्रोफोटोमीटर चांगला, पण थंड क्युव्हेट होल्डरने आकडे बिघडवले

डिसेंबरात घेतलेल्या साध्या यूव्ही-व्हिजिबल यंत्रावर आमच्या कोल्हापूरच्या लॅबमध्ये मुख्यतः लॅक्टेट डिहायड्रोजिनेजची मोजणी चालते. पायरुव्हेटचे लॅक्टेट होताना एनएडीएच खर्ची पडते आणि ३४० नॅनोमीटरची ओडी उतरत जाते, तीच दर १० सेकंदांनी टिपायची. या कामाला क्वार्ट्‌झचा क्युव्हेट लागत नाही. साधा पॉलिस्टायरीनचा चालतो, फक्त रिकामा ठेवून ३४० ला एकदा तपासून घ्या. तिथे वाचलेले पैसे पुढे कामी आले.

तक्रार एकच आहे आणि ती मोठी आहे. क्युव्हेट होल्डरला तापमान नियंत्रण नाही. माहितीपत्रकात ते 'पर्यायी' म्हणून बारीक अक्षरात छापलेले आहे. साधारण १० अंशांना वेग दुप्पट धरला, तर एका अंशाचा फरक म्हणजे वेगात सुमारे ७ टक्के. डिसेंबरातली सकाळ आणि एप्रिलमधली दुपार यांत एकाच अर्काचे आकडे जुळणारच नाहीत.

पावसाळी हवा सुरू झाल्यावर आणखी एक घोळ दिसला. फ्रीजमधला बफर थेट क्युव्हेटमध्ये भरला की दमट हवेमुळे बाहेरच्या भिंतीवर दव धरते. त्याने ओडी आधी फुगते आणि दव उडत गेले की उतरते. उतार हुबेहूब एनएडीएच संपल्यासारखा दिसतो! ओळखायची खूण सोपी आहे: एन्झाइम न घालताही तोच उतार येतो.

या ठिकाणी माझे आधीचे मत बदलावे लागले. सुरुवातीला दोष दिव्याचा वाटला आणि सर्व्हिसवाल्यानेही दिवा बदलायलाच सांगितले. यंत्र अर्धा तास तापू दिले, खोलीच्याच तापमानाचे पाणी भरून ३४० वर १० मिनिटे वाचन घेतले. ओडी ०.००२ पेक्षा जास्त हलली नाही. दिवा धडधाकट होता. त्याचे पैसे वाचवून पाणी फिरवायच्या नळ्या असलेला होल्डर घेतला. वॉटर बाथमध्ये माशांच्या टाकीचा छोटा पंप सोडला आणि तापमान ३७ ठेवले. २५ ठेवले असते तर कोल्हापूरच्या उन्हाळ्यात पाणी थंड करावे लागले असते; ३७ ला बहुतेक दिवस नुसते तापवून भागते. बाथवरचा आकडा खरा मानू नका, बारीक थर्मामीटरचा प्रोब क्युव्हेटमधल्या पाण्यात बुडवून बघा. नळ्यांत उष्णता जाते, म्हणून बाथ थोडा वर ठेवावा लागतो.

आता कोंबडीच्या स्नायूच्या अर्काचे एक वाचन. १०० मिलिमोलर फॉस्फेट बफर (पीएच ७.५) ८८० मायक्रोलिटर, ४ मिलिमोलर एनएडीएच ५० आणि २० मिलिमोलर पायरुव्हेट ५०. हे होल्डरमध्ये ५ मिनिटे तापू द्यायचे, मग ५० पट पातळ केलेला अर्क २० मायक्रोलिटर घालून, पॅराफिल्म लावून दोनदा उलटे करायचे. एकूण १ मिलिलिटर. सुरुवातीची ओडी १.२४ च्या आसपास हवी. पहिलेच वाचन ०.५ आले तर एन्झाइम जास्त झाले आणि खरा वेग तुमच्या हातून निसटला.

पहिल्या मिनिटात ओडी ०.१३० ने उतरली. पायरुव्हेटऐवजी बफर घातलेल्या क्युव्हेटमध्ये ०.००६ ने. निव्वळ ०.१२४.

```
0.124 / 6.22 = 0.0199 µmol/min (1 ml)
0.0199 / 0.020 ml = 1.0 U/ml
1.0 x 50 = 50 U/ml
50 / 8.0 mg/ml = 6.2 U/mg
```

६.२२ म्हणजे १ मिलिमोलर एनएडीएचची १ सेंटिमीटर वाटेतली ओडी. ८.० मिलिग्रॅम प्रथिन ब्रॅडफर्डने, ५९५ वर, अल्ब्युमिनच्या मानकाशी ताडून काढलेले आहे. इथे बऱ्याच जणांचा पाय घसरतो: ५० हा गुणक एन्झाइमला लावला असेल, तर प्रथिनही मूळ अर्काचेच हवे. पातळ केलेल्याचे प्रथिन मोजून वर पुन्हा ५० ने गुणले, तर आकडा ५० पट फुगतो. अर्कात ट्रायटनसारखे डिटर्जंट असेल तर ब्रॅडफर्डही फसते.

याच अर्काचे वाचन २७ अंशांना घेतले असते, तर वरच्या हिशेबाने ६.२ ऐवजी साधारण ३.१ दिसले असते, आणि कोणी म्हटले असते की शुद्धीकरणात एन्झाइम मेले. म्हणून वहीत आकड्याशेजारी तापमान लिहिलेले नसेल, तर ते वाचन मी तरी वापरत नाही.

आणखी एक खात्री हवी असेल तर अर्क २० ऐवजी १० मायक्रोलिटर घाला आणि बफर १० ने वाढवा. वेग बरोबर निम्मा आला पाहिजे. तो निम्म्यापेक्षा जास्त आला, तर २० च्या वाचनात एनएडीएच संपत आले होते. आलेख आधी सपाट आणि मग हळूहळू तीव्र होत असेल, तर मिश्रण अजून तापलेले नाही.

होल्डर बसवल्यापासून तिहेरी वाचने एकमेकांच्या ३ टक्क्यांत येतात. आधी १५ टक्के फरक नेहमीचा होता. हा भाग यंत्रासोबतच यायला हवा होता, वेगळा विकत घ्यायला लावणे मला मान्य नाही. नवीन यंत्र घेताना ओडीची अचूकता विचारण्याआधी होल्डरच्या नळ्या विचारा.