गुलाल उधळला की व्हिडिओ का फाटतो? एक्सपोर्टचे चार पर्याय समोरासमोर

विसर्जन मिरवणुकीतला आमच्या ढोल-ताशा पथकाचा चार मिनिटांचा व्हिडिओ मी रात्री बसून जुळवला. लॅपटॉपवर ताशाच्या काड्यांची टोकंसुद्धा वेगळी दिसत होती. सकाळी यूट्यूबवर चढवला आणि तासाभरात ग्रुपवर पहिला मेसेज आला, ‘दादा, कॅमेऱ्याची काच पुसली नव्हती का?’ काच स्वच्छ होती. ध्वज संथ हलत होता तिथे चित्रही ठीक होतं. पण गुलाल उधळला की पडदाभर गुलाबी चौकोन आणि त्यांच्यामागे वादकांचे चेहरे मेणासारखे.

अशा वेळी आपण एकदम ‘कॉम्प्रेशन’ला दोष देतो, पण कॉम्प्रेशन दोनदा होतं हे विसरतो. पहिल्यांदा आपण एक्सपोर्ट करतो तेव्हा आणि दुसऱ्यांदा चढवलेली फाइल उघडून यूट्यूब तिच्या आपल्या मापाच्या प्रती बनवतं तेव्हा. आपली फाइल प्रेक्षकापर्यंत जशीच्या तशी कधीच जात नाही. म्हणून आधी एक्सपोर्ट झालेली फाइलच पूर्ण पडद्यावर लावायची, सर्वात जास्त हालचालीच्या जागी थांबवायची आणि चौकोन दिसतात का ते बघायचं. तिथेच दिसले तर चूक आपल्या सेटिंगमध्ये. फाइल स्वच्छ असेल तर दुसऱ्या फेरीकडे वळायचं. फाइलच्या पोटात खरंच काय आहे हे ffprobe या प्रोग्रामला टर्मिनलमध्ये एका ओळीत विचारलं की कळतं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,width,height,r_frame_rate,bit_rate -of default=nw=1 miravnuk.mp4
```

माझ्या फाइलचं उत्तर आलं एच.२६४, १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला खर्चलेले बिट, जेमतेम ६ एमबीपीएस. एडिटरने आपल्या मनाने ठेवलेला आकडा मी न बघता पुढे ढकलला होता. थांबवून पाहिलं तर गुलालात चौकोन फाइलमध्येच होते. चालत्या चित्रात ते माझ्या नजरेतून सुटले होते, एवढंच. म्हणजे मी आधीच अर्धवट फाटलेलं कापड दुसऱ्या शिंप्याकडे दिलं होतं.

गुलालच का फाटतो, हे कळलं की पुढची निवड सोपी होते. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल असतात. सेकंदाला ३० फ्रेम म्हटल्यावर ६ कोटी २२ लाख. ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ८० लाख बिट, म्हणजे साधारण आठ पिक्सेलमागे एक बिट. न दाबलेल्या साध्या व्हिडिओत त्याच आठ पिक्सेलना ९६ बिट लागतात. एवढ्या काटकसरीत चित्र टिकतं, कारण एच.२६४सारखा कोडेक, म्हणजे चित्र दाबून लिहायची पद्धत, प्रत्येक फ्रेम नव्याने लिहीत नाही. ‘हा तुकडा मागच्या फ्रेममधलाच, फक्त थोडा उजवीकडे सरकलाय’ एवढंच लिहून तो मोकळा होतो. पोळी लाटायच्या व्हिडिओत ओटा, भिंत, डबे सगळं जागच्या जागी असतं, हलतात फक्त हात. तिथे ६ एमबीपीएसही पुरून उरतात. गुलालाचा कण मात्र मागच्या फ्रेममध्ये जिथे होता तिथून कुठे गेला याचा काही माग लागत नाही, आणि असे हजारो कण. सगळं नव्याने लिहायचं तर बिट पुरत नाहीत. मग कोडेक बारकावे टाकून देतो आणि चौकोनभर एकच सरासरी रंग भरतो. आपण त्याला ‘फाटलं’ म्हणतो. पाऊस, समुद्राची लाट, हलणारी झाडी, जेजुरीचा भंडारा, सगळ्यांची हीच गत.

आता पर्याय. हाच चार मिनिटांचा व्हिडिओ मी चार प्रकारे काढून पाहिला:

| पर्याय | बिटरेट | फाइल | यूट्यूबवर गुलाल |
|---|---|---|---|
| एच.२६४, १०८०पी | ८ एमबीपीएस | सुमारे २४० एमबी | फाटलेला, ६ एमबीपीएसपेक्षा थोडा बरा |
| एच.२६४, १०८०पी | २० एमबीपीएस | सुमारे ६०० एमबी | बरा, पण चेहरे मऊच |
| एच.२६५, १०८०पी | १२ एमबीपीएस | सुमारे ३६० एमबी | वरच्यासारखाच |
| एच.२६४, १४४०पी | २४ एमबीपीएस | सुमारे ७२० एमबी | सर्वात स्वच्छ |

पहिल्या ओळीतला ८ हा यूट्यूबने १०८०पी, ३० फ्रेमसाठी सुचवलेला आकडा आहे (६० फ्रेमसाठी १२). तो चुकीचा नाही. बोलणाऱ्या माणसाच्या किंवा स्वयंपाकाच्या व्हिडिओला तेवढा पुरतो. मिरवणुकीला पुरत नाही, कारण शिफारस सगळ्यांसाठी एकच आणि गुलाल फक्त आपल्याकडे. २० केल्यावर फाइल घरी अगदी निर्मळ दिसली, पण यूट्यूबवर फरक अपेक्षेपेक्षा कमी पडला. कारण आता अडचण पहिल्या फेरीत उरलीच नव्हती. मी १०० एमबीपीएस दिले असते तरी दुसऱ्या फेरीत यूट्यूबची १०८०पीची प्रत तिच्या ठरलेल्या मापाचीच निघाली असती. बिटरेट वाढवण्याचा फायदा एका टप्प्यापर्यंतच मिळतो. फाइल थांबवून पाहिल्यावर चौकोन दिसेनासे झाले की तो टप्पा आला असं समजायचं.

एच.२६५बद्दल बराच गैरसमज आहे. एच.२६४ हा २००३चा कोडेक, एच.२६५ दहा वर्षांनी आला आणि तेवढाच दर्जा बऱ्याच कमी बिटमध्ये देतो, हे खरं. पण चढवल्यावर यूट्यूब ती फाइल उघडून पुन्हा आपल्याच कोडेकमध्ये बांधतं. एच.२६५चा फायदा प्रेक्षकाला मिळत नाही, तो मिळतो फक्त तुमच्या अपलोडला. मोबाइल डेटावरून चढवणार असाल तर ६००ऐवजी ३६० एमबी ही मोठी सोय आहे. घरी चांगली लाइन असेल तर एच.२६४ घ्या. रेंडर लवकर होतो आणि जुन्या लॅपटॉपवरही फाइल अडखळत नाही.

चौथा पर्याय पहिल्यांदा मलाही खुळा वाटला होता. १०८०पीचं चित्र ताणून १४४०पी केलं की त्यात नवा तपशील कुठून येणार? येत नाहीच. पण यूट्यूब १४४०पी आणि त्यावरच्या व्हिडिओंना जुन्या एच.२६४ऐवजी व्हीपी९ किंवा एव्ही१ कोडेकच्या प्रती देतं आणि मोठ्या प्रतीला बिटही जास्त देतं. लहान चॅनलच्या १०८०पी व्हिडिओला मात्र बरेचदा फक्त एच.२६४ची प्रत मिळते. म्हणजे आपण चित्र सुधारत नाही, दुसऱ्या फेरीत बरी रांग पकडतो. कोणत्या रांगेत लागलो हे तपासता येतं. संगणकावर चालू व्हिडिओवर उजवी क्लिक करून ‘Stats for nerds’ उघडा आणि ‘Codecs’ची ओळ बघा. avc1 म्हणजे एच.२६४, vp09 म्हणजे व्हीपी९, av01 म्हणजे एव्ही१. माझ्या पहिल्या तीन फाइलींना avc1 मिळालं, चौथीला vp09.

एडिटरमध्ये थेट १४४०पी निवडता येत असेल तर तेवढं पुरे. मी आधी एडिटरमधून प्रोरेस ४२२मध्ये १०८०पीची मूळ प्रत काढतो आणि लागेल ती फाइल तिच्यातून बनवतो. चार मिनिटांचे साडेचार जीबीच्या आसपास होतात, पण पुन्हा टाइमलाइन उघडावी लागत नाही:

```
ffmpeg -i miravnuk.mov -vf scale=-2:1440:flags=lanczos \
 -c:v libx264 -preset slow -b:v 24M -maxrate 40M -bufsize 48M \
 -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 320k \
 -movflags +faststart miravnuk_1440.mp4
```

यात 24M ही सरासरी आहे आणि 40M ही वरची मर्यादा. ध्वज संथ हलताना वाचलेले बिट गुलालाच्या क्षणी खर्चता यावेत म्हणून ही सवलत. एडिटरमध्ये हेच व्हीबीआर नावाने दिसतं. सीबीआर, म्हणजे कायम एकच बिटरेट, निवडलं तर संथ दृश्यावर बिट वाया जातात आणि गुलालावर हात आखडतो. ६० फ्रेमचा मोह असेल तर एवढं ध्यानात ठेवा की त्याच बिटरेटमध्ये प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला निम्मे बिट येतात.

मग थेट ४के का नाही? चालेल, आणि चित्रीकरणच ४केमध्ये असेल तर तेच करा. १०८०पीच्या चित्रीकरणाला मात्र ४५ एमबीपीएसने १.३५ जीबीची फाइल आणि लांबलेली प्रोसेसिंग, एवढाच वाढीव खर्च मला दिसला. १४४०पीपेक्षा डोळ्याला जाणवेल असा फरक मिळाला नाही.

ही युक्ती इन्स्टाग्रामला लावू नका. तिथे रीलची चौकट १०८० बाय १९२०. त्याहून मोठं दिलं तर तिथेच लहान केलं जातं आणि त्यावर आपला काही ताबा राहत नाही. म्हणून त्याच मापाची, ३० फ्रेमची, १२ ते १५ एमबीपीएसची एच.२६४ फाइल द्या आणि ॲपच्या सेटिंगमध्ये ‘Upload at highest quality’ चालू करा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातोच. डॉक्युमेंट म्हणून जोडला तर २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी पोहोचते.

व्हॉट्सॲपचा विषय निघालाच आहे तर माझी दुसरी चूकही सांगून टाकतो. मिरवणुकीतले आठ तुकडे पथकातल्या पोरांनी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवले होते आणि मी ते तसेच टाइमलाइनवर ओढले. त्यांचे बारकावे पोरांच्या फोनमधून निघतानाच गळून गेले होते. त्यावर २४ काय आणि २४० एमबीपीएस काय, एक्सपोर्ट फक्त चौकोन जपून ठेवतो. ते तुकडे मी मूळ फाइल म्हणून पुन्हा मागवले. पाच मिळाले, बाकी फोनमधून उडाले होते.

यूट्यूबवर त्याच लिंकखाली नवी फाइल बसवता येत नाही, त्यामुळे व्हिडिओ नव्याने चढवला. या खेपेला तो आधी अनलिस्टेड ठेवला. चढवल्यावर लहान प्रत आधी तयार होते आणि १४४०पीची बऱ्याच उशिरा, त्यामुळे पहिल्या मिनिटात ३६०पी बघून घाबरणारे कमी नाहीत. गियरच्या मेनूत १४४०पी दिसू लागल्यावरच लिंक ग्रुपवर टाकली. आता ताशाच्या काड्या वेगळ्या दिसतात, चेहरे ओळखू येतात. गुलालाचा दाट लोट अजूनही कडेने मऊ आहे, आणि त्या तीन तुकड्यांत काच न पुसल्यासारखंच दिसतं.