खोक्यावर १०० वॉट, लॅपटॉपला ४५: यूएसबी-सी डॉक आणि मॉनिटरचा आठ महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबर ते मे, रोज आठ-नऊ तास वापर. लॅपटॉप १४ इंची, त्याचा मूळ अडॅप्टर ६५ वॉटचा. डॉक छोटा, स्वतःचा वेगळा अडॅप्टर नसलेला: एक एचडीएमआय, तीन यूएसबी, एक लॅन आणि चार्जर खोचायला एक सी-पोर्ट. एचडीएमआयवर २७ इंची मॉनिटर. मूळ अडॅप्टर हिंजवडीला जाणाऱ्या बॅगेतच राहतो, म्हणून डॉकसाठी ६५ वॉटचा गॅन चार्जर वेगळा घेतला आणि त्याला घरातलीच एक सी-टू-सी केबल लावली. लॅपटॉपला एकच वायर जाते, टेबल मोकळं राहतं.

चित्र, लॅन, कीबोर्ड-माउस याबद्दल तक्रार शून्य. लिहायचं आहे ते चार्जिंगबद्दल, कारण पहिले काही आठवडे ते कोड्यात टाकणारं होतं. सकाळी मेल, ब्राउझर चालू असताना बॅटरी निवांत भरायची. दुपारी व्हिडिओ कॉल आणि मागे मोठा बिल्ड, म्हणजे कोडमधून प्रोग्राम तयार करण्याचं जड काम, सुरू झाला की प्लगचं चिन्ह दिसत असूनही टक्के उतरायला लागायचे. विंडोज ‘Slow charger’ म्हणायचं. डॉकच्या खोक्यावर मात्र ठळक अक्षरात ‘PD 100W’. पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी, यूएसबी-सीवरून वीज देण्या-घेण्याची ठरलेली पद्धत.

तो १०० चा आकडा म्हणजे डॉक चार्जरकडून जास्तीत जास्त किती घेऊ शकतो. लॅपटॉपला किती देतो, हे त्यात सांगितलेलं नसतं. असा डॉक मधल्या माणसासारखा असतो: चार्जरकडून आलेल्यातला आपला वाटा आधी बाजूला काढतो आणि उरलेलं पुढे जाहीर करतो. आमच्या डॉकचा वाटा १५ वॉट आहे, तोही खोक्यावर नाही, आतल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात. पोर्टला काहीही जोडलेलं नसलं तरी हे १५ वॉट राखीवच राहतात. कारण तुम्ही कधी हार्ड डिस्क लावाल हे डॉकला माहीत नसतं, आणि लॅपटॉपला एकदा दिलेला शब्द तो ऐन वेळी मोडू शकत नाही.

म्हणजे ६५ वजा १५, लॅपटॉपला ५० मिळायला हवेत. पण मिळत होते ४५. हे मधले पाच वॉट गेले कुठे, हे शोधताना खरी गोम सापडली: केबल.

यूएसबी-सी केबलमध्ये काही खास नसेल तर ती ३ अँपिअरची धरली जाते. २० व्होल्ट गुणिले ३ अँपिअर म्हणजे ६० वॉट. त्यापुढे जायला केबलच्या टोकात एक छोटी चिप लागते, तिला ई-मार्कर म्हणतात. चार्जर आधी या चिपला विचारतो, “तू ५ अँपिअरची आहेस का?” उत्तर आलं नाही, तर तो ३ अँपिअरच्या वरचं काही देऊच करत नाही. आता चार्जरच्या पोटावरची ओळ पाहा:

```
5V⎓3A  9V⎓3A  15V⎓3A  20V⎓3.25A
```

शेवटचा आकडा ३.२५ आहे. ६५ वॉट मिळवायला ३ अँपिअरची रेषा जेमतेम पाव अँपिअरने ओलांडावी लागते, आणि तेवढ्यासाठी ५ अँपिअरची केबल लागते. लॅपटॉपच्या मूळ अडॅप्टरला वायर कायमची जोडलेली असते, म्हणून हा प्रश्न तिथे कधी उद्भवत नाही. सुटी केबल आली की उद्भवतो. तर हिशोब असा: चार्जर ६५ चा, केबलमुळे ६०, डॉकच्या वाट्यानंतर ४५.

४५ वॉट कमी आहेत का? ते कामावर अवलंबून. कॉल चालू असताना हा लॅपटॉप साधारण ३० वॉट खातो. उरलेल्या १५ मधले एक-दोन उष्णतेत जातात, १३ बॅटरीला मिळतात. बॅटरी ५६ वॉट-अवरची आहे, म्हणजे २० टक्क्यांवरून ८० वर जायला अडीच तासांहून थोडं जास्त. याला हळू म्हणा, पण भरते. बिल्ड सुरू झाला की खर्च ५५ वर जातो. ४५ आले, ५५ गेले. वरचे १० बॅटरीतून निघतात, म्हणजे तासाला साधारण १८ टक्के. बॅटरी आधीच तळाला असेल तर ती भर घालू शकत नाही, मग लॅपटॉप प्रोसेसरलाच वेसण घालतो आणि सगळं रेंगाळतं. लोक त्याला ‘डॉकमुळे लॅपटॉप हँग होतो’ म्हणतात.

आपल्याकडेही हेच होतंय का, हे विंडोजवर तपासायला पॉवरशेल अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि नेहमीचं जड काम चालू असताना हे टाका:

```
Get-CimInstance -Namespace root/wmi -ClassName BatteryStatus |
  Select PowerOnline, Charging, ChargeRate, DischargeRate
```

आकडे मिलिवॉटमध्ये येतात. `PowerOnline` समोर `True` आणि त्याच वेळी `DischargeRate` समोर शून्याऐवजी ९०००-१०००० असं काही दिसलं, तर वीज येतेय पण पुरत नाही. दोन्ही दर शून्य आणि बॅटरी ८० टक्क्यांवर थांबलेली असेल, तर ती बहुधा बॅटरी जपण्याची मर्यादा आहे, कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायोसमध्ये चालू केलेली. डॉकला दोष देण्याआधी एवढं पाहून घ्या. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं आमचं मत झालंय.

आकडे दाखवणारा छोटा यूएसबी-सी मीटर मिळतो, तोही कामाला येतो. पण तो डॉक आणि लॅपटॉपच्या मध्ये लावू नका. यातले बरेच मीटर चित्राचा वेगवान डेटा पुढे सोडत नाहीत, मॉनिटर काळा पडतो आणि नसता घोळ होतो. चार्जर आणि डॉकच्या मध्ये लावा. आमच्याकडे भर कामात तो १९.७ व्होल्ट, २.९ अँपिअर दाखवायचा, म्हणजे ५७ वॉट. कितीही काम वाढवलं तरी ३ च्या पलीकडे काटा जाईना, तेव्हाच केबलवर संशय आला.

दुरुस्तीत एक चूक हमखास होते, ती सांगायलाच हवी. पहिला विचार येतो तो मोठा चार्जर घ्यायचा. तीच जुनी केबल ठेवून १०० वॉटचा चार्जर लावला, तर केबल पुन्हा ६० वर अडवते, डॉक १५ काढतो, लॅपटॉपला पुन्हा ४५. पैसे गेले, फरक काही नाही. फक्त केबल बदलली तर ५० मिळतात, म्हणजे घट १० वरून ५ वॉटवर येते. बिल्डच्या वेळी बॅटरी तरीही उतरते, फक्त सावकाश. लॅपटॉपचे ६५ आणि डॉकचे १५ मिळून ८० लागतात, म्हणून बाजारातलं पुढचं सहज मिळणारं माप १०० वॉटचं, आणि सोबत ५ अँपिअरची केबल. दोन्ही बदलल्यावर डॉकने ८५ जाहीर केले, लॅपटॉपने ६५ घेतले, ‘Slow charger’ गेलं आणि बिल्ड चालू असतानाही टक्के वर सरकू लागले.

१०० वॉटचा चार्जर ६५ च्या लॅपटॉपला जाळेल ही भीती निराधार आहे. चार्जर काय काय देऊ शकतो ते सांगतो, लॅपटॉप हवं तेवढं मागतो.

संशय मॉनिटरवर घेणारेही बरेच. एचडीएमआयवरच्या मॉनिटरचा प्लग भिंतीत असतो, तो डॉककडून घेत नाही. बॅगेत मावणारा पोर्टेबल मॉनिटर मात्र सी-केबलवरच चालत असेल तर आठ-दहा वॉट खाऊन जातो. आणि मॉनिटरलाच चार्ज करणारा सी-पोर्ट असेल, तर तो आणि डॉक दोन्ही लॅपटॉपला जोडून वॉटची बेरीज होत नाही. लॅपटॉप सहसा दोघांतला एकच निवडतो.

चार्जिंग अजिबातच न होण्याचे दोन प्रसंग वारंवार आले. एक, मोबाईलचा ६७ वॉटचा चार्जर डॉकला लावणे. मोबाईल कंपन्यांचे असे बरेचसे मोठे आकडे त्यांच्या स्वतःच्या पद्धतीचे असतात. लॅपटॉपला समजणाऱ्या पीडी भाषेत तोच चार्जर कधी कधी फक्त ५ किंवा ९ व्होल्ट देतो. डॉकने आपला वाटा काढल्यावर उरतं ते इतकं कमी की लॅपटॉप सरळ नाकारतो. पोटावर 20V ची ओळ नसेल तर तो चार्जर या कामाचा नाही.

दुसरा प्रसंग वीज जाण्याचा. गुरुवारी महावितरणचं काम निघालं किंवा मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात फीडर गेला की डॉकची वीज जाते आणि क्षणात लॅपटॉपच डॉकला वीज देऊ लागतो. मॉनिटर दोन सेकंद काळा पडतो, ते ठीक. पण वीज पाठोपाठ दोनदा गेली-आली तर कधी कधी ही उलटी दिशा सुलटी होत नाही. चार्जरचा दिवा लागलेला, लॅपटॉप ढिम्म. तेव्हा लॅपटॉपची वायर काढा, चार्जरही डॉकमधून काढा, दहा-पंधरा सेकंद थांबा, आधी चार्जर डॉकला लावा आणि मग डॉक लॅपटॉपला. क्रम उलटा केला तर आमच्याकडे दोनातून एकदा फसतं. दोन पोर्टच्या चार्जरला मध्येच फोन लावला तरी असाच झटका बसतो, कारण चार्जर वॉटची वाटणी नव्याने करतो आणि लॅपटॉपचा वाटा कमी होतो. डॉकच्या चार्जरला म्हणून फोन लावायचाच नाही, असं ठरवून टाकलंय.

एप्रिल-मेच्या उकाड्यात डॉक हाताला चांगलाच तापतो. लॅपटॉपच्या गरम हवेच्या झरोक्यासमोरून तो हलवल्यावर बरं झालं.

हाच डॉक पुन्हा घ्यावा का? ऑफिसचं हलकं काम, १०० वॉटचा चार्जर आणि योग्य केबल असेल तर हो. मूळ अडॅप्टरच ९० किंवा १०० वॉटचा असलेल्या लॅपटॉपला मात्र नको, कारण यातून ८५ च्या वर काही येत नाही. तिथे स्वतःचा अडॅप्टर असलेला डॉक किंवा ९० वॉट देणारा सी-पोर्टचा मॉनिटर बघा. पुण्यात तापकीर गल्लीत केबल घ्यायला गेलात तर ‘फास्ट चार्जिंगची द्या’ म्हणू नका, तिथे सगळ्याच केबल फास्ट असतात. ‘१०० वॉट, ५ अँपिअर, ई-मार्करवाली’ असं मागा, प्लगवर किंवा पाकिटावर 5A छापलंय का ते बघा, आणि मीटर असेल तर सोबत न्या. दुकानदाराकडे १०० वॉटचा चार्जर आणि एखादा भुकेला लॅपटॉप असेल तर काउंटरवरच काटा ३ च्या पुढे जातो की नाही ते कळतं.