गणपत गल्लीत कोणाला थांबवायचं: कोटा की दर दहावा?

समजा, बेळगावच्या गणपत गल्लीत २०० गिऱ्हाइकांना विचारायचंय की सणाचे कपडे इथंच घेता की ऑनलाइन मागवता. माणसं निवडायच्या वाटा दोन. एक तर स्त्री-पुरुष आणि वयाप्रमाणे कोटा ठरवायचा आणि तो भरेपर्यंत भेटतील त्यांना विचारायचं. नाहीतर गल्लीच्या तोंडाशी उभं राहून येणारा दर दहावा माणूस थांबवायचा, मग तो कोणीही असो.

कोटा स्वस्त पडतो, एकट्यालाही जमतो. मात्र आकडे जनगणनेतून उचलू नका. २०११ च्या यादीतलं शहर आणि शनिवारी संध्याकाळी बाजारात उतरणारी गर्दी एक नव्हे. आधी सकाळ-संध्याकाळ, सुट्टी धरून, नुसती मोजणी करा. ४०० जणांत २४० बायका दिसल्या, तर २०० पैकी १२० बायका. मग त्या १२० ची वयावर फोड: १८ ते ३४ च्या ५०, ३५ ते ५४ च्या ४६, ५५ च्या पुढच्या २४. पुरुषांची फोड वेगळी. ही जोड महत्त्वाची. बायका १२० आणि पंचावन्नपुढचे ४० असे सुटे कोटे दिले, तर चाळीसही आजोबाच भरले जातात. कागदावर कोटा पूर्ण, आणि आजी एकही नाही!

खरी गोम पुढे आहे. कोट्याच्या आत कोणाला गाठायचं हे विचारणाराच ठरवतो. तो हातात पिशव्या नसलेली, निवांत उभी, आपल्यासारखी मराठी बोलणारी माणसं गाठतो. कन्नड किंवा उर्दू बोलणारे सुटतात. वय आणि लिंग जुळलं तरी भाषा, गाव, घाई यांचा तोल गेलेलाच असतो. १९४८ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी कोट्यावर बेतलेल्या चाचण्यांनी ड्यूईंना विजयी ठरवलं आणि निवडून आले ट्रुमन. अंदाज चुकण्याची कारणं अनेक होती, त्यात हेही एक धरलं जातं.

गडबड ओळखायची एक खूण सांगतो. भरलेल्या अर्जांत ५५, ५६ वयाची माणसं अचानक दाटली असतील, तर शेवटच्या तासात कोणीतरी बावन्नच्या काकांना पुढच्या रकान्यात ढकललंय.

दर दहाव्याला दोघं लागतात, एक मोजायला, एक विचारायला. गल्लीला तोंडं अनेक, त्यामुळे तिथल्या पाळ्याही आखाव्या लागतात. नकार देणारे पुष्कळ. त्यांची नोंद ठेवायची, पण म्हणून अकराव्याला धरायचं नाही. ते नकार फार नसतील, तर २०० जणांवरून आलेला आकडा खऱ्यापेक्षा साधारण सात टक्के इकडे-तिकडे असेल असं म्हणायला थोडा तरी आधार राहतो. कोट्याच्या आकड्यापुढे ते ‘सात टक्के’ लिहूच नये.

तरुणी आणि आजी यांच्या सवयींत फरक दिसतो का, एवढंच हवं असेल तर मी कोटा घेईन, आणि दोन विचारणाऱ्यांपैकी एक कन्नड-उर्दू बोलणारा ठेवीन. ‘किती टक्के गिऱ्हाईक ऑनलाइन गेलं’ असा आकडा व्यापाऱ्यांपुढे मांडायचा असेल, तर दर दहावा.