आठ महिने वापरलेला मराठी करारनामा आणि त्यातला ‘रद्द’ हा शब्द

२ एप्रिलला पावसजवळच्या एका आंबा प्रक्रिया उद्योगाकडून मला पत्र आलं. ‘आपल्यासोबतचा करार रद्द करत आहोत, तरी आगाऊ दिलेले १४,४०० रुपये परत करावेत.’ पत्र दोनच ओळींचं होतं आणि ते माझ्याच करारनाम्यातले शब्द वापरून लिहिलेलं होतं. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

मी रत्नागिरीत राहून लेबलं आणि पॅकिंगची डिझाइनं करते. माझा इंग्रजी करार जुना आहे. मुंबईच्या गिऱ्हाइकांना तो चालतो. पण इथल्या आंबा-कोकमवाल्यांसमोर इंग्रजी कागद ठेवला की ते न वाचता सही करतात, आणि न वाचलेल्या सहीवर माझा भरवसा नाही. म्हणून गेल्या सप्टेंबरात पुण्याच्या एका भाषांतरकारांकडून तो मराठीत करून घेतला. शब्दाला दोन रुपये दर, १९०० शब्द, ३८०० रुपये. माझ्यासाठी ही रक्कम लहान नाही.

पहिले सहा महिने मी या मराठीवर खूश होते. वाक्यं छोटी, सरकारी परिपत्रकासारखी बोजड नव्हती. पाच गिऱ्हाइकांनी सही केली आणि त्यातल्या चौघांनी तरी तो पूर्ण वाचला. एकाने तर हप्त्यांच्या तारखा स्वतःहून दुरुस्त करून घेतल्या. तेव्हा हे परीक्षण लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

पावसच्या कामाचा हिशेब असा. एकूण ४८,००० रुपये. सही करताना ३० टक्के म्हणजे १४,४००, मसुदा डिझाइनं मान्य झाल्यावर ४० टक्के म्हणजे १९,२००, आणि छपाईच्या अंतिम फाइली दिल्यावर उरलेले १४,४००. काम मधेच थांबवायचं असेल तर इंग्रजी करारात काय होतं? कोणीही १५ दिवसांची लेखी सूचना देऊन पुढचं काम थांबवू शकतो. तोपर्यंत पूर्ण झालेल्या प्रत्येक टप्प्याचे पैसे द्यायचे आणि अर्धवट टप्प्याचे झालेल्या कामाच्या प्रमाणात. मराठीत हे असं उतरलं होतं: ‘कोणताही पक्ष १५ दिवसांची लेखी सूचना देऊन हा करार रद्द करू शकेल. करार रद्द झाल्यास पूर्ण झालेल्या कामाचे पैसे देण्यात येतील.’

वाचायला सरळ आहे. मीही सहा महिने ते सरळच वाचत होते. फोनवर मालक काका म्हणाले, “ताई, रद्द म्हणजे रद्द. तिकीट रद्द केलं की पैसे परत मिळतात ना? आणि काम पूर्ण कुठे झालंय? लेबल छापून हातात आलं की काम पूर्ण.” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी मराठी जशी आहे तशी वाचली होती.

इंग्रजीतल्या टर्मिनेशनचा अर्थ इथून पुढे थांबणं एवढाच आहे. आधी घडलेलं तसंच राहतं. मराठीतलं ‘रद्द’ मागे जातं. लग्न रद्द, परीक्षा रद्द, निविदा रद्द, म्हणजे ती गोष्ट झालीच नाही. आणि कायद्याच्या मराठीत ‘रद्दबातल’ हा शब्द त्याला अगदी चिकटून बसलेला आहे. मी ज्या वकिलांकडे गेले त्यांनी १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ६५ दाखवलं. करार मुळात शून्य असल्याचं आढळलं किंवा तो पुढे शून्य झाला, तर त्याखाली मिळालेला लाभ परत करावा लागतो. आमचा करार तसा नव्हता, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण ‘रद्द’ हा शब्द समोरच्याला त्या युक्तिवादाचं दार उघडून देतो आणि मग माझा वेळ ते दार बंद करण्यात जातो. त्यात ‘पूर्ण झालेला टप्पा’ याचं ‘पूर्ण झालेलं काम’ झालेलं. हप्त्यांच्या कलमात ‘टप्पा’ आणि इथे ‘काम’. एकाच कागदात एकाच गोष्टीला दोन शब्द आले की वाचणारा त्या दोन वेगळ्या गोष्टी समजतो, आणि तसं समजण्यात त्याची चूक नाही.

तेव्हा मी एवढी चिडले होते की भाषांतरकारांना पैसे परत मागणारं पत्रही लिहून ठेवलं. ते पाठवलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याच करारातल्या दुसऱ्या एका वाक्याने मला वाचवलं: ‘मसुदा पाठवल्याच्या तारखेपासून ७ दिवसांत लेखी हरकत न आल्यास तो मसुदा मान्य झाल्याचे मानण्यात येईल.’ हे भाषांतर चोख आहे. ‘मान्य समजावा’ असं सैल लिहिलेलं नाही, आणि ‘मिळाल्यापासून’ न म्हणता मुळाप्रमाणे ‘पाठवल्याच्या तारखेपासून’ ठेवलं आहे. मी मसुदे ६ मार्चला मेलने पाठवले होते. १३ मार्चपर्यंत हरकत आली नाही. म्हणजे दुसरा टप्पा पत्र येण्याच्या वीस दिवस आधीच पुरा झाला होता. सूचनेची मुदत संपत होती १७ एप्रिलला. काकांना ही तारखांची ओळ कागदावर मांडून दाखवल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग मी त्यांना विचारलं, “बागेचा सौदा घेणाऱ्याने मोडला तर तुम्ही विसार परत देता का?” त्यांनी नकारार्थी मान हलवली. ज्याला मी ‘आगाऊ रक्कम’ म्हणत होते तो त्यांच्या भाषेत विसार होता, आणि विसाराचे नियम त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत होते.

पण गोष्ट इथे संपली नाही. मसुद्यातलं एक डिझाइन त्यांनी व्हॉट्सअॅपवरून परस्पर छापखान्यात पाठवून लेबलं छापूनही घेतली होती. विचारलं तर म्हणाले, “करारात आहे तसंच केलं.” पुन्हा उघडून पाहिलं. इंग्रजीत एकच वाक्य होतं: पूर्ण रक्कम मिळाल्यावर डिझाइनर आपला कॉपीराइट जगभरासाठी आणि कायमचा गिऱ्हाइकाच्या नावे हस्तांतरित करील. मराठीत त्याची दोन वाक्यं झाली होती: ‘तयार केलेल्या कामाचे सर्व हक्क ग्राहकाचे राहतील. संपूर्ण रक्कम मिळाल्यावर अंतिम फाइली देण्यात येतील.’ अट हक्कांपासून सुटली आणि फाइलींना जाऊन लागली. आणि ‘राहतील’ हे क्रियापद! आपल्याकडे करारात सगळंच ‘राहील’ असतं, बंधनकारक राहील, जबाबदार राहील. पण मालकी ‘राहील’ म्हटलं की ती पहिल्या दिवसापासून तिथेच होती असं वाटतं. ती माझ्याकडून त्यांच्याकडे कधी गेली, तो क्षणच वाक्यातून नाहीसा होतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या डिझाइनरच्या लेबलाचा पहिला मालक ती स्वतः असते. हक्क द्यायचे तर लेखी आणि तिच्या सहीने द्यावे लागतात. शिवाय कलम १९ सांगतं की मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं मानायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मराठीतून ‘जगभरासाठी’ आणि ‘कायमचा’ दोन्ही गळले होते. ‘सर्व हक्क’ लिहिलं की सगळं आलं असं भाषांतरकारांना वाटलं असणार. पण काका हापूसचा पल्प आखाती देशांत पाठवतात. म्हणजे या वाक्याने त्यांचाही घात केला होता, आणि ते त्यांना माझ्याकडूनच कळलं. त्यानंतर बोलणं एकदम सोपं झालं. दुसऱ्या टप्प्याचे १९,२०० त्यांनी दोन हप्त्यांत दिले, तिसऱ्या टप्प्याचं जे थोडं काम झालं होतं त्याचे पैसे मी सोडले, आणि छापलेल्या एका डिझाइनचे हक्क प्रदेश आणि मुदत लिहून वेगळ्या सहीच्या कागदावर दिले.

माझं एक मत मात्र पूर्ण बदललं. शेवटच्या कलमात ‘तफावत आढळल्यास मूळ मजकूर ग्राह्य धरला जाईल’ असं होतं आणि मला ती माझी ढाल वाटायची. पण सही झाली होती फक्त मराठी प्रतीवर. इंग्रजी प्रत काकांनी कधी पाहिलीच नव्हती, आणि ‘मूळ’ म्हणजे कोणता मजकूर हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. न पाहिलेल्या कागदाने माणसाला बांधायचं हे मलाही पटेना. आता इथल्या गिऱ्हाइकांसाठी मराठी मजकूरच अंतिम, असं मी स्पष्ट लिहिते. तसं लिहायचं तर मराठीत भोक राहून चालत नाही.

म्हणून एप्रिलअखेर मी एक चाचणी केली. चिपळूणची माझी आत्या, निवृत्त शिक्षिका, तिला फक्त मराठी प्रत दिली. इंग्रजी प्रत एका मैत्रिणीला. दोघींना एकच प्रश्न: १३ मार्चला दुसरा टप्पा मान्य झाला, तिसरा सुरूच केलेला नाही, आणि त्या अवस्थेत गिऱ्हाइकाने सूचना दिली, तर डिझाइनरकडे एकूण किती पैसे आणि हक्क कोणाकडे? मैत्रिणीचं उत्तर: ३३,६०० आणि दुसऱ्या हप्त्याचे पैसे येईपर्यंत हक्क डिझाइनरचे. आत्याचं उत्तर: शून्य, हक्क पहिल्यापासून गिऱ्हाइकाचे. सप्टेंबरात मी शब्द तपासले होते, शुद्धलेखन तपासलं होतं, पण आकडा काढून पाहिला नव्हता.

भाषांतरकारांना हे दोन आकडे पाठवले. त्यांनी वाद घातला नाही आणि ती तीन कलमं पैसे न घेता पुन्हा करून दिली. थांबवण्याचं कलम आता असं आहे: ‘सूचना दिल्याच्या तारखेपासून १५ दिवसांनी हा करार पुढील कामापुरता संपुष्टात येईल. त्या तारखेपर्यंत पूर्ण झालेल्या प्रत्येक टप्प्याची रक्कम देय राहील व स्वीकारलेली रक्कम परत करावी लागणार नाही. अर्धवट टप्प्याची रक्कम झालेल्या कामाच्या प्रमाणात देय राहील.’ हक्कांच्या कलमात ‘राहतील’ काढून ‘संपूर्ण रक्कम मिळाल्याच्या तारखेस हस्तांतरित होतील’ आलं आहे, पुढे प्रदेश आणि मुदत. मधेच काम थांबलं तर ज्या टप्प्याचे पैसे आले त्या टप्प्याच्याच डिझाइनचे हक्क जातील, ही ओळ नवी आहे. ती इंग्रजीतही नव्हती, तिथेही घातली.

नवी प्रत आत्याला पाठवली. तिचं उत्तर ३३,६०० आलं. हक्क हस्तांतरणासाठीचा ‘अभिहस्तांकन’ हा कोशातला शब्द एका जागी राहिला होता, त्यावर तिने पेन्सिलीने गोल करून ‘हे कोणाला कळणार?’ असं लिहिलं आहे. तो काढते आहे. तोवर पाचपैकी साडेतीन.