तक्त्यात छाती ४४, टेपवर साडेएक्केचाळीस

गणपतीच्या आधी मागवलेला हा सुती फुल शर्ट शिमगा उलटेपर्यंत वापरला, म्हणून आता लिहितोय. कापड आणि रंग यांबद्दल तक्रार नाही. तक्रार मापाच्या तक्त्याची आहे.

माझी उघडी छाती ४० इंच. रत्नागिरीत शर्ट शिवून घेतला की आमचे टेलर छातीला चार इंच लूज सोडतात, म्हणजे तयार शर्ट ४४. इथल्या दमट हवेत त्याहून कमी ठेवलं तर दुपारपर्यंत शर्ट पाठीला चिकटलाच. या शर्टाच्या पानावर एल साईझला छाती ४४, शोल्डर १८, उंची २९, बाही साडेचोवीस असं स्पष्ट होतं. घरातल्या शिवलेल्या शर्टाशी ही मापं जुळली, म्हणून एल मागवला.

घातल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मध्ये फट पडली, हात पुढे केला की पाठीत ओढ. मग न धुता, लेबल न काढता टेप लावला. सगळी बटणं लावून शर्ट टेबलावर सपाट पसरला, सुरकुत्या हाताने काढल्या आणि मुंढ्याच्या एक इंच खाली या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजलं. पावणेएकवीस भरलं, दुप्पट केलं तर साडेएक्केचाळीस. शोल्डर मागून शिलाई ते शिलाई १७. उंची मात्र बरोबर २९ आणि बाहीही साडेचोवीस.

ही शेवटची दोन मापं महत्त्वाची. आधी वाटलं की एमचा शर्ट एलचं लेबल लावून आला असेल, तसं होतं कधी कधी. पण तक्त्यात एमची उंची साडेअठ्ठावीस आणि बाही २४ आहे. माझ्या शर्टाची लांबी एलची आणि रुंदी एमच्या ४२ पेक्षाही कमी. म्हणजे लेबल चुकलेलं नाही, बेतच वेगळा आहे: तक्ता रेग्युलर फिटचा टाकलाय आणि कापड बेतलंय स्लिम फिटला. घाऊक शिवणकामात अर्धा-पाऊण इंच इकडे तिकडे होतो, तो मी धरतही नाही. अडीच इंच तसा जात नाही.

विक्रेत्याला टेपसकट फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘तक्त्यातली मापं अंगाची आहेत, कपड्याची नाहीत.’ हे वाचून हसूच आलं. ४४ छातीच्या माणसाने साडेएक्केचाळीसच्या शर्टात शिरायचं कसं? कपडा अंगापेक्षा मोठा असावा लागतो, लहान नव्हे. शिवाय ‘शर्टाची उंची’ हे अंगाचं माप कसं होईल, हेही मी विचारलं. त्यावर उत्तर नाही, पण एक्सएल बदलून दिला, तोही जादा पैसे न घेता. तेवढं श्रेय त्यांना देतो.

एक्सएलही तसाच मोजला. तक्त्यात छाती ४६, हातात साडेत्रेचाळीस. शोल्डर पावणेएकोणीसऐवजी पावणेअठरा. उंची ३० आणि बाही २५, दोन्ही तक्त्याप्रमाणे. दोन्ही साईझमध्ये छाती नेमकी अडीच आणि शोल्डर नेमका एक इंच कमी, म्हणजे एखाद्या कारागिराचा हात चुकला असं म्हणायला जागा उरली नाही.

छातीला बसतो म्हणून हाच ठेवला. बाही तेव्हा अर्धा इंच लांब पडत होती. पावसात घरात पंख्याखाली वाळत घालून बऱ्याच धुण्यांनंतर पुन्हा मोजला: उंची सव्वाएकोणतीस, बाही पावणेपंचवीस, छाती ४३. सुती कापड लांबीत जास्त आटतं, त्यामुळे बाही जवळजवळ जागेवर आली. छातीत मात्र आता तीनच इंच लूज उरलाय. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात तो कमी पडतो, एसटीत वरचा दांडा धरला की मुंढ्यात ओढ बसते. उजव्या मुंढ्याच्या मागच्या शिलाईत दोन टाके तुटलेही.

टेलरकडे नेला, बाजूची शिलाई सोडून थोडा मोठा होईल का म्हणून. त्यांनी उलटा करून पाहिला आणि म्हणाले, “आत मायाच ठेवलेली नाही हो. दुमडून दोन शिलाया मारल्यात, सोडून काय मिळणार?” तुटलेले टाके तेवढे घालून दिले.

पाचपैकी दोन तारे, तेही कापडासाठी. कोणाला हाच शर्ट घ्यायचा असेल तर पानावरच्या छातीतून अडीच आणि शोल्डरमधून एक वजा करून बघा, उंची-बाही आहे तशी धरा. आणि लेबल काढण्याआधी, पाणी लावण्याआधी मोजा. एकदा धुतलात की ‘आटला असेल’ म्हणायला ते मोकळे आणि परतही घेत नाहीत. तक्ता मी आज पुन्हा पाहिला, एलसमोर अजून ४४च आहे.