बीएलवरचं वजन भागून बघितलं असतं तर 2 टन माल गेला नसता

अंबडला आमचं मल्चिंग फिल्मचं छोटं युनिट आहे, त्यासाठी लागणारा ब्लॅक मास्टरबॅच, म्हणजे प्लास्टिकला काळा रंग देणारे दाणे, पहिल्यांदाच व्हिएतनामच्या एका ट्रेडरकडून मागवला. 20 टन, 25 किलोच्या 800 बॅगा, टनाला 1,100 डॉलर म्हणजे एकूण 22,000. तीस टक्के अ‍ॅडव्हान्स आणि बाकी 15,400 बीएलची, म्हणजे माल जहाजावर घेतल्याच्या शिपिंग लाइनच्या पावतीची, कॉपी आल्यावर, असं ठरलं होतं.

माल जहाजावर चढल्यावर मेलवर तिन्ही पेपर आले, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बीएल. मी घाईत काय बघितलं तर नाव, कंटेनर नंबर, बॅगांचा आकडा. तिन्हीकडे 800, म्हणजे जुळलं. पॅकिंग लिस्टवर ग्रॉस 20,120 किलो होतं आणि बीएलवर 18,108, हे पण दिसलं होतं मला, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. मी विचारलं तर तो सेल्सवाला म्हणे शिपिंग लाइनची टायपिंग मिस्टेक आहे, ओरिजिनलमध्ये दुरुस्त होईल, तुम्ही बॅलन्स टाका नाहीतर ओरिजिनल बीएल वेळेत पोचणार नाही आणि न्हावा शेवाला कंटेनर अडकून डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडवून ठेवल्याचा रोजचा चार्ज, चढत जाईल. डिटेन्शनचं नाव काढलं की माणूस घाबरतोच, मी पैसे टाकले.

ओरिजिनल आलं, त्यावरही 18,108 च. आता पैसे गेलेले होते आणि कस्टमची बिल ऑफ एंट्री इनव्हॉइसप्रमाणे भरली, कस्टमने कंटेनर न उघडताच सोडला, ड्युटी पूर्ण 20 टनावर गेली. अंबडला सील तोडलं, बॅगा मोजल्या तर 720. पोरांना परत मोजायला लावल्या, तरी 720.

मग आमच्या सीएचएकडचे, म्हणजे कस्टमचं काम करून देणाऱ्या एजंटकडचे, एक जुने काका पेपर घेऊन बसले. त्यांनी फक्त एक भागाकार केला, 18,108 भागिले 800, उत्तर 22.635. "अरे दादा, बॅगेत माल 25 किलो आणि बॅगेसकट वजन साडेबावीस, असं कसं होईल?" आणि पॅकिंग लिस्टप्रमाणे एका बॅगेचं ग्रॉस 25.15 येतं, त्याने 18,108 ला भागलं तर बरोबर 720. म्हणजे आकडा माझ्या मेलमध्ये पैसे टाकायच्या आधीपासून पडून होता!

काकांनी सांगितलं ते इथे लिहितो कारण हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. बीएलवरचा बॅगांचा आकडा शिपिंग लाइन मोजत नाही, माल भरून सील करणारा शिपर जे सांगेल तेच छापतात, म्हणून तिथे 'सेड टू कन्टेन' आणि 'शिपर्स लोड, स्टो अँड काउंट' लिहिलेलं असतं. वजनही शिपरच सांगतो, पण ते तितकं सहज खोटं लिहिता येत नाही. 2016 च्या जुलैपासून भरलेल्या कंटेनरचं व्हीजीएम, म्हणजे खात्रीचं एकूण वजन, दिल्याशिवाय तो जहाजावर घेत नाहीत, आणि काट्यावर खोटं पकडलं जाऊ शकतं. त्यामुळे बॅगा खोट्या लिहिल्या तरी वजन खरं लिहावं लागलं असणार.

नंतर सगळीकडे फिरलो. इन्शुरन्सचा सर्व्हेयर म्हणाला सील नंबर बीएलशी जुळतोय, सील शाबूत होतं, म्हणजे माल वाटेत गेला नाही, भरतानाच कमी भरला, तो क्लेममध्ये बसत नाही. लाइन म्हणाली मोजणी शिपरची. आणि ट्रेडर म्हणतो तुमच्याकडे मोजणीत चूक झाली, आता तर मेलला उत्तरच देत नाही. 2,200 डॉलरचा माल गेला, वर न आलेल्या मालाची ड्युटी.

आता बॅलन्स टाकायच्या आधी मी एका शीटमध्ये तिन्ही पेपरमधून बॅगा, नेट, ग्रॉस, कंटेनर आणि सील नंबर शेजारी शेजारी उतरवतो, आणि प्रत्येक पेपरचं ग्रॉस भागिले बॅगा करतो. थोडा फरक चालतो, पॅलेटचं वजन एकात धरलेलं असतं दुसऱ्यात नसतं, पण बीएलचं ग्रॉस नेटपेक्षा कमी असेल तर पैसे थांबवायचेच. टायपिंग मिस्टेक म्हणाले तर दुरुस्त बीएल आणि व्हीजीएमची कॉपी मागायची, व्हीजीएममधून कंटेनरच्या दारावर लिहिलेलं रिकामं वजन वजा केलं की मालाचं वजन निघतं. यात एकच गोष्ट सापडत नाही, वजन बरोबर पण बॅगेत हलका माल भरला असेल तर. त्यासाठी लोडिंगच्या वेळी तिथल्या इन्स्पेक्शनवाल्याकडून सॅम्पल काढून घेणं, एवढंच.

मागच्या महिन्यात दुसऱ्या पार्टीचा कंटेनर आला, त्यात बीएलचं ग्रॉस पॅकिंग लिस्टपेक्षा 300 किलो जास्त निघालं. विचारलं तर त्याच दिवशी व्हीजीएम आणि लोडिंगचे फोटो आले, 20 लाकडी पॅलेट होते, पंधरा-पंधरा किलोचे.