पीपीडीए: मोसमभर वापरल्यावर

फुटबॉलमधलं प्रेसिंग, म्हणजे चेंडू समोरच्याकडे असताना त्याच्यावर आणलेला दबाव, मोजायला मी मोसमभर पीपीडीए, म्हणजे ‘पासेस पर डिफेन्सिव्ह अ‍ॅक्शन’, वापरतोय आणि पुढेही वापरणार आहे. पण अख्ख्या सामन्याच्या एका आकड्यावर मी मत देत नाही. आकडा तोडून पाहिला तरच काही सांगतो.

फुटबॉल विश्लेषक कॉलिन ट्रेनर यांनी २०१४ मध्ये मांडलेली ही कल्पना साधी आहे. प्रतिस्पर्ध्याने स्वतःच्या गोलकडच्या ६० टक्के मैदानात किती पास दिले ते मोजायचं. त्याच भागात आपल्या संघाने केलेले टॅकल, हुकलेले टॅकल, इंटरसेप्शन आणि फाउल या कृतींची बेरीज करायची आणि तिने पासना भागायचं. आकडा जितका लहान, तितकं प्रेसिंग तीव्र.

समजा, त्या भागात प्रतिस्पर्ध्याचे २४० पास झाले आणि आपल्या कृती २५. पीपीडीए आला ९.६. ठीकठाक प्रेसिंग, असं वाटेल. आता आपण तिसाव्या मिनिटाला गोल केला होता, हे लक्षात घेऊन सामना तिथे तोडा. गोलआधी ७० पास आणि १० कृती, म्हणजे ७. गोलनंतर १७० पास आणि १५ कृती, म्हणजे ११.३. आघाडी मिळताच संघ मागे सरकला आणि समोरच्या बचावपटूंना निवांत पास करू देऊ लागला. ९.६ या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही. तुकडे पुन्हा जोडताना मात्र ७ आणि ११.३ यांची सरासरी काढू नका. पास आणि कृती यांच्या वेगवेगळ्या बेरजा करून मगच भागाकार करा. मोसमाचा आकडाही असाच काढायचा.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. समोरचा गोलरक्षक प्रत्येक चेंडू थेट लांब मारत असेल, तर मागे पास होतातच कुठे? ६० पास, १० कृती, पीपीडीए ६, आणि आपले फॉरवर्ड जागचे हललेलेही नसतात. म्हणून मी आधी पाहतो, की या संघाविरुद्ध इतरांना साधारण किती पीपीडीए मिळतो. सगळ्यांनाच ६ च्या आसपास मिळत असेल, तर श्रेय आपल्या प्रेसिंगचं नाही. उलटही घडतं: आपला विंगर धावत जाऊन बचावपटूला घाईत चेंडू बाहेर मारायला लावतो. प्रेसिंग उत्तम, पण त्याने चेंडूला पाय लावला नाही, म्हणून कृती शून्य. असे प्रसंग व्हिडिओतच सापडतात.

शेवटची बाब किरकोळ वाटेल, पण रोज नडते. आकडेवारी पुरवणाऱ्या ऑप्टा कंपनीच्या व्याख्येत ६० टक्क्यांऐवजी आपल्या गोलकडचा एक तृतीयांश भाग वगळून उरलेलं मैदान धरतात. क्षेत्रच वेगळं असल्याने दोन ठिकाणचे आकडे एकाच तक्त्यात मांडता येत नाहीत. माझ्या वहीत प्रत्येक आकड्यापुढे तो कुठल्या व्याख्येचा आणि किती गोलफरक असतानाचा, हे लिहिलेलं असतं.